अमेरिकेतील विद्यापीठाचा सक्तीचा आरोग्य विमा: वेव्हर कसा मागायचा आणि क्लेम कसा करायचा

जुलै महिन्यात विद्यापीठाच्या पोर्टलवर पहिल्या सत्राचे बिल दिसू लागते आणि शिकवणी शुल्काच्या खाली आरोग्य विम्याची एक वेगळी ओळ आढळते. माझ्या पहिल्या वर्षी त्या ओळीपुढे २,८६० डॉलर लिहिलेले होते. शैक्षणिक कर्जाच्या अंदाजपत्रकात आम्ही तो आकडा धरलेलाच नव्हता. पहिल्या वर्षी मी विद्यापीठाचाच विमा ठेवला. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीतून मिळालेल्या विम्याच्या आधारे मी तो नाकारला, आणि मधल्या काळात हात मोडून घेतल्यामुळे क्लेमचाही पूर्ण अनुभव घेतला. हा लेख त्याच अनुभवावर आधारलेला आहे. प्रत्येक विद्यापीठाचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे मुदती आणि रकमा तुमच्या विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातूनच घ्याव्यात.

१. सक्ती नेमकी कोणाची आहे ते आधी पाहा

एफ-१ व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याने विमा घेतलाच पाहिजे असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम नाही. ही अट विद्यापीठ घालते, आणि म्हणून सूट देण्याचा अधिकारही विद्यापीठाकडेच असतो. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात मात्र पूर्णवेळ किंवा किमान तीन चतुर्थांश वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचाच कायदा आहे. तेथील महाविद्यालयाला मनाप्रमाणे सूट देता येत नाही.

देवाणघेवाण कार्यक्रमांसाठी असलेल्या जे-१ व्हिसाची गोष्ट वेगळी आहे. तेथे केंद्र सरकारचा नियम लागू होतो. प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्याकरिता ५०,००० डॉलर, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी नेण्याकरिता २५,००० डॉलर, आणि दर आजार वा अपघातामागे ५०० डॉलरपेक्षा जास्त नसलेले डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम, अशा त्या अटी आहेत. जे-२ व्हिसावरील पती, पत्नी आणि मुलांनाही त्या लागू होतात. नोकरीतून मिळणारा चांगला विमाही येथे अडखळतो, कारण त्यात हलवण्याचा आणि पार्थिवाचा खर्च सहसा नसतो. तेवढ्यापुरती छोटी पूरक पॉलिसी वेगळी विकत मिळते.

विद्यार्थ्यांमध्ये विद्यापीठाच्या विम्याला ‘शिप’ म्हणतात आणि तो नाकारण्याच्या अर्जाला ‘वेव्हर’. पुढे मीही हेच शब्द वापरले आहेत.

२. तुमच्याकडचा विमा वेव्हरला चालेल का, ते तपासा

भारतातून निघताना घेतलेल्या विद्यार्थी प्रवास विम्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. पुण्या-मुंबईतले एजंट ‘अडीच लाख डॉलरचे कव्हर आहे, विद्यापीठ स्वीकारतेच’ असे सांगून पॉलिसी देतात. ती शिपपेक्षा पुष्कळ स्वस्त असते, म्हणून घरचेही निश्चिंत होतात. वेव्हरचा अर्ज तपासणारा माणूस मात्र विम्याच्या रकमेकडे सर्वात शेवटी पाहतो. त्याचे पहिले प्रश्न असे असतात: विमा कंपनीचे क्लेम कार्यालय अमेरिकेत आहे का? विद्यापीठाच्या परिसरातले डॉक्टर आणि रुग्णालये तिच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे तिच्याशी करार असलेल्यांच्या यादीत, आहेत का? आधीपासून असलेला आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो का? मानसिक आरोग्याचे उपचार आणि गरोदरपण त्यात येते का? प्रवास विम्यात अचानक उद्भवलेल्या आजारावरचाच खर्च मुख्यतः धरलेला असतो. दमा किंवा थायरॉईडच्या नेहमीच्या तपासण्या त्यात सहसा येत नाहीत. बरीच विद्यापीठे असा अर्ज नाकारतात, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी कंपनीची पॉलिसी मुळातच चालत नाही. तुमचे विद्यापीठ अशी पॉलिसी स्वीकारते असे त्याच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच ती घ्यावी. एजंटच्या शब्दावर घेऊ नये.

पती किंवा पत्नी एच-१बीवर नोकरीत असेल तर त्या कंपनीचा विमा हा वेव्हरसाठी सर्वात भक्कम आधार ठरतो. ज्यांचे आईवडील अमेरिकेतच नोकरी करतात, त्यांना पालकांच्या कंपनीच्या विम्यात वयाच्या २६व्या वर्षापर्यंत राहता येते. या दोन्हींमध्ये एक खोच आहे. तुमचा विमा ‘एचएमओ’ पद्धतीचा असेल, तर त्याचे डॉक्टर बहुधा ठरावीक प्रदेशापुरतेच असतात. आईवडील कॅलिफोर्नियात आणि तुम्ही इलिनॉयमध्ये असाल, तर तेथे फक्त आपत्कालीन उपचारच मिळतील, आणि एवढ्या कारणाने वेव्हर नाकारला जाऊ शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचा पिनकोड टाकून जवळपास कोणते डॉक्टर दिसतात ते आधीच पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

चौथा प्रकार म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खासगी योजना. त्यांतल्या काही एखाद्या विद्यापीठाच्या अटींनुसार बेतलेल्या असतात आणि चालतात. काहींच्या जाहिरातीत तसे म्हटलेले असते, पण प्रत्यक्षात कमाल मर्यादा किंवा प्रतीक्षा कालावधी आड येतो. अटींची यादी एका बाजूला आणि पॉलिसीचा तपशील दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीओळीने पडताळल्याशिवाय पैसे भरू नयेत.

वेव्हर मागण्यापूर्वी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. तुम्हाला टीए किंवा आरए, म्हणजे विद्यापीठात अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाचे काम, मिळाले असेल, तर अनेक विद्यापीठे शिपच्या हप्त्याचा मोठा भाग स्वतः भरतात. तसे असेल तर वेव्हर मिळवून तुमची बचत फारशी होत नाही, आणि ती सवलत रोख स्वरूपात मिळत नाही.

३. कागदपत्रे जमवा

अर्ज ऑनलाइन असतो. तो मध्येच बंद पडतो, म्हणून पुढील गोष्टी आधीच पीडीएफ करून ठेवाव्यात:

• विमा कार्डाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो. क्लेमचा पत्ता आणि दूरध्वनी मागच्या बाजूला असतो, आणि नेमकी तीच बाजू लोक विसरतात.
• सदस्य क्रमांक, गट क्रमांक आणि मुख्य विमाधारकाची जन्मतारीख.
• योजनेचा लाभ-सारांश. अमेरिकेतील कंपन्या ‘एसबीसी’ नावाचा ठरावीक नमुन्यातला सारांश देतात. डिडक्टिबल आणि वर्षभराची कमाल वैयक्तिक खर्चमर्यादा त्यात पहिल्याच पानावर असते.
• विमा कंपनीचे किंवा नोकरीच्या ठिकाणच्या एचआर विभागाचे पत्र. विमा कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि त्यात तुमचे नाव आहे, हे दोन्ही त्यात आले पाहिजे.
• विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक.

या यादीत आपल्या मंडळींसाठी एक सापळा दडलेला आहे, आणि तो नावाचा आहे. माझ्या पासपोर्टवर आणि विद्यापीठाच्या नोंदीत माहेरचे नाव, मधे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव होते. नवऱ्याच्या कंपनीत अर्ज भरताना आम्ही सहज सासरचे आडनाव लिहिले, आणि विमा कार्ड त्याच नावाने छापून आले. वेव्हर तपासणाऱ्या यंत्रणेने विमा कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा ‘या नावाची सदस्य नाही’ असे उत्तर आले आणि अर्ज फेटाळला गेला. विमा पूर्णपणे योग्य होता, जन्मतारीखही जुळत होती, पण आडनावाने घात केला. एचआरला सांगून नाव पासपोर्टप्रमाणे करून घेतले आणि नवे कार्ड येईपर्यंत बारा दिवस गेले. तेव्हा विम्याच्या फॉर्मवर पासपोर्टचेच नाव लिहावे. पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आले असेल, तर ते तेथेही तसेच यावे.

४. अर्ज भरा, आणि मुदत लिहून ठेवा

अर्ज विद्यापीठाच्या पोर्टलवर किंवा विद्यापीठाने नेमलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. मुदत बहुधा सत्र सुरू होण्याच्या आसपास, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये संपते. जानेवारीत येणाऱ्यांसाठी ती वेगळी असते. मुदत संपली की कितीही चांगला विमा असला तरी रक्कम सहसा परत मिळत नाही, कारण तोवर तुमचे नाव शिपमध्ये नोंदले जाऊन हप्ता पुढे गेलेला असतो.

वेव्हर पुढच्या वर्षी आपोआप चालू राहत नाही. दर वर्षी, काही ठिकाणी दर सत्राला, तो नव्याने भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरणारे विद्यार्थी मी अनेक पाहिले आहेत. बिलाकडे त्यांचे लक्ष जाते तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो.

अर्ज पाठवल्यावर पुष्टी क्रमांक दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. ‘अर्ज मिळाला’ आणि ‘अर्ज मंजूर झाला’ या दोन वेगळ्या ई-मेल असतात, आणि पहिली आली म्हणून निर्धास्त होणे हा नेहमीचा घोटाळा आहे. निर्णय काही कामाच्या दिवसांत येतो. त्यानंतर बिलातून रक्कम वजा झाली का, ते स्वतः पाहावे. तोवर शिकवणी शुल्काची मुदत आली, तर विम्याची रक्कम वगळून बाकीचे भरता येईल का, हे लेखा कार्यालयाला लेखी विचारावे. मनाने कमी रक्कम भरली की उशीर शुल्क लागते आणि नोंदणीही अडवली जाऊ शकते.

बिलात ‘आरोग्य केंद्र शुल्क’ अशी वेगळी, लहान रक्कमही असते. ती विम्याची नसते आणि बहुधा वेव्हरने जात नाही. त्या शुल्कामुळेच परिसरातल्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवता येते.

५. वेव्हर नाकारला गेला तर

नकाराच्या पत्रात कारण लिहिलेले असते, आणि अपिलाला थोडेच दिवस मिळतात. कारण ‘विमा सापडला नाही’ असे असेल तर नाव, जन्मतारीख आणि सदस्य क्रमांक तपासावा. कारण ‘अटी पूर्ण होत नाहीत’ असे असेल तर कोणती अट, ते विचारून लाभ-सारांशातील नेमका परिच्छेद जोडावा. डिडक्टिबल जास्त आहे किंवा नेटवर्क नाही, असे कारण असेल तर वाद घालून उपयोग होत नाही. तेव्हा शिप घेणेच योग्य.

याच्या उलट प्रसंगही येतो. वेव्हर मिळालेला असतो आणि डिसेंबरात नवऱ्याची नोकरी जाते. आधीचा विमा संपला, तर वर्षाच्या मध्येही शिपमध्ये प्रवेश मिळतो, पण त्यासाठी साधारण ३० दिवसांच्या आत विमा संपल्याचे पत्र द्यावे लागते. त्यानंतर पुढच्या सत्राची वाट पाहावी लागते.

६. आजारी पडल्यावर कुठे जायचे

भारतात ‘कॅशलेस’ म्हटले की रुग्णालयातला विमा विभाग टीपीए या विमा कंपनीच्या मध्यस्थ संस्थेकडून मंजुरी आणतो, आणि डिस्चार्जच्या दिवशी हिशेब मिटतो. अमेरिकेत हिशेब उपचारानंतर सुरू होतो आणि महिनोन्महिने चालतो, त्यामुळे कोणत्या दारातून आत जाता यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो. जिवावरचा प्रसंग नसेल तर पहिला मुक्काम परिसरातले आरोग्य केंद्र. काही शिप योजनांत बाहेरच्या तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी या केंद्राची चिठ्ठी लागते, आणि ती नसेल तर खर्च कमी प्रमाणात मिळतो. केंद्र बंद असेल तर ‘अर्जंट केअर’, म्हणजे किरकोळ तातडीच्या तक्रारींसाठीचा बाहेरचा दवाखाना. छातीत दुखणे, श्वास लागणे, मोठा अपघात यांसाठी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, आणि तेथे नेटवर्क पाहत बसू नये. दात आणि डोळे प्रौढांसाठी मूळ योजनेत सहसा नसतात, त्याची वेगळी पॉलिसी असते.

७. क्लेम कसा चालतो: माझ्या मनगटाचा हिशेब

जानेवारीत वसतिगृहाच्या पायऱ्यांवर गोठलेल्या पाण्यावरून मी घसरले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. रुग्णालय शिपच्या नेटवर्कमधले होते. कार्ड दाखवले, एक्स-रे झाला, हाताला स्प्लिंट बांधले आणि एकही डॉलर न देता घरी आले. नेटवर्कमधल्या रुग्णालयात क्लेम तुम्हाला भरावा लागत नाही, तो तेच पाठवतात. म्हणून मला वाटले की सगळे झाले.

पंधरवड्याने विमा कंपनीचे एक साधे पत्र आले. ते जाहिरात समजून मी टेबलावर तसेच टाकले. त्यात अपघात कोठे झाला, तो कामाच्या ठिकाणी झाला का, गाडीचा अपघात होता का, दुसरा कोणता विमा आहे का, असे पाच-सहा प्रश्न होते. हाडाला मार बसल्याचे निदान दिसले की ही प्रश्नावली हमखास येते, कारण खर्च दुसऱ्या कोणाच्या विम्यातून जायला हवा का, हे कंपनीला पाहायचे असते. उत्तर न दिल्यामुळे तिने तिन्ही क्लेम नाकारले, आणि मार्चमध्ये माझ्या नावाने एकूण ६,३२० डॉलरची तीन बिले आली. रुग्णालयाचे ४,८७०, आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांचे १,१४० आणि एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञाचे ३१०. एकाच भेटीची तीन बिले येणे ही चूक नसते, हे तिघे वेगवेगळे हिशेब ठेवतात.

मी कंपनीला फोन केला, दूरध्वनीवरच प्रश्नावलीची उत्तरे दिली आणि तिन्ही क्लेम पुन्हा तपासायला सांगितले. रुग्णालयाच्या बिल विभागालाही कळवून खाते ६० दिवस थांबवून घेतले, नाहीतर ते वसुली एजन्सीकडे गेले असते. महिन्याभरात ‘ईओबी’ आले. ईओबी म्हणजे कंपनीने केलेला हिशेब. हे बिल नाही, असे त्यावर ठळक छापलेले असते, आणि तरीही त्यावरची रक्कम पाहून लोक घाबरून पैसे भरतात. ईओबीत पाहायचे आकडे तीनच असतात: मागितलेली रक्कम, मान्य रक्कम आणि तुमचा वाटा.

माझ्या योजनेचे डिडक्टिबल ५०० डॉलर होते, म्हणजे वर्षातला पहिला तेवढा खर्च माझा. त्यापुढे मान्य रकमेच्या २० टक्के मी आणि ८० टक्के कंपनी. रुग्णालयाच्या ४,८७० पैकी मान्य रक्कम २,३०० ठरली. त्यातले ५०० डिडक्टिबल, उरलेल्या १,८०० चे २० टक्के म्हणजे ३६०, असे माझे ८६० झाले. डॉक्टरांची मान्य रक्कम ४२०, माझा वाटा ८४. एक्स-रेची ८०, माझा वाटा १६. एकूण ९६० डॉलर.

डॉक्टर मात्र नेटवर्कबाहेरचे निघाले, आणि त्यांच्या कार्यालयाने ईओबीनंतरही उरलेल्या ७२० डॉलरचे बिल पाठवले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्यानुसार आपत्कालीन उपचारात असा फरक रुग्णाकडून घेता येत नाही. ईओबीची प्रत आणि या कायद्याचा उल्लेख असलेले चार ओळींचे पत्र पाठवल्यावर ते बिल रद्द झाले. रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका या कायद्यात येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

क्रम असा ठेवावा: ईओबी येईपर्यंत बिल भरायचे नाही, आल्यावर दोन्हीवरची तारीख, डॉक्टर आणि ‘तुमचा वाटा’ जुळवायचा, आणि जुळले तरच पैसे द्यायचे.

८. स्वतः पैसे भरले असतील तर

नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांनी जागेवर पैसे घेतले, तर क्लेम तुम्हालाच पाठवावा लागतो. कार्ड यंत्रातून निघालेली पावती पुरत नाही. तपशीलवार बिल मागावे. त्यावर डॉक्टरांचे नाव आणि कर क्रमांक, उपचाराची तारीख, प्रत्येक उपचाराचा सीपीटी कोड आणि निदानाचा आयसीडी-१० कोड असला पाहिजे. कंपनीचा क्लेम फॉर्म, हे बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा असे तिन्ही पोर्टलवर चढवावे. मुदत अनेक योजनांत उपचारापासून ९० दिवसांची असते. सुट्टीत भारतात उपचार घेणार असाल तर आधी विचारावे, कारण काही योजनांत मायदेशातला खर्च वगळलेला असतो. चालत असेल तर इंग्रजीतले, शिक्का असलेले बिल आणि डॉक्टरांचे निदान लिहिलेले पत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. परत गेल्यावर गावच्या दवाखान्याकडून फोनवरून ते मिळवणे जिकिरीचे होते.

९. क्लेम नाकारला तर

आधी कारण पाहावे. ‘माहिती अपुरी’ असे असेल तर अपील लागत नाही, माहिती दिली की क्लेम पुन्हा चालतो. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ किंवा ‘योजनेत येत नाही’ असे असेल तर नकाराच्या सूचनेपासून १८० दिवसांत कंपनीकडे लेखी अपील करता येते. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. झालेल्या उपचारावरच्या अपिलाचा निर्णय कंपनीने ६० दिवसांत द्यायचा असतो. तेथेही नकार आला आणि प्रश्न वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर चार महिन्यांच्या आत स्वतंत्र बाह्य तपासणी मागता येते, आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

तुमचा वाटा खरोखर जड जात असेल, तर रुग्णालय ना-नफा तत्त्वावरचे आहे का ते पाहावे. अमेरिकेतली बरीच आहेत. अशा रुग्णालयांना कायद्यानेच आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते, आणि पहिले बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत तुमचा अर्ज त्यांना स्वीकारावा लागतो. विद्यार्थ्याचे उत्पन्न कमी असल्याने रक्कम पुष्कळदा घटते. माझ्या अर्जाला तीन महिन्यांचे बँक विवरण आणि विभागाचे मानधनाचे पत्र पुरले. ८६० डॉलरचे ३४४ झाले, आणि ते चार हप्त्यांत फेडले.